आकडे जुळत नाहीत तेव्हाचा परिच्छेद

अंगणवाडीत किंवा लसीकरणाच्या दिवशी दर सहा महिन्यांनी लहान मुलांच्या तोंडात जीवनसत्त्व ‘अ’चा एक डोस घातला जातो. वय नऊ महिन्यांचे झाले की पहिला डोस, गोवराच्या लसीबरोबर. त्यानंतर पाच वर्षांचे होईपर्यंत एकूण नऊ. भारतात हा कार्यक्रम १९७० साली सुरू झाला तो रातांधळेपणा आणि त्यातून येणारे कायमचे अंधत्व टाळण्यासाठी. पुढे त्याला आणखी मोठे कारण मिळाले. हा डोस मुलांचे मृत्यूच कमी करतो, असे चाचण्यांतून दिसू लागले. आणि मग २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रचंड चाचणीचा निकाल छापून आला, जो या समजाशी जुळत नव्हता.

चाचणीचे नाव ‘डेव्टा’. लखनौच्या शैली अवस्थी, ऑक्सफर्डचे रिचर्ड पेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ ते २००४ या काळात ती केली. ७२ विकासखंड, ८,३३८ अंगणवाड्या, पाच वर्षांखालची सुमारे दहा लाख मुले. निम्म्या विकासखंडांत दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिटांची कॅप्सूल कापून तेल मुलाच्या तोंडात पिळायचे, उरलेल्या निम्म्यांत नाही. आधीच्या चाचण्यांवरून अपेक्षा अशी होती की मृत्यू वीस ते तीस टक्क्यांनी घटतील. प्रत्यक्षात घट दिसली चार टक्के, आणि तीही निव्वळ योगायोगाने दिसू शकेल इतकी अस्पष्ट.

अशा निकालानंतर संशोधकाला एक परिच्छेद लिहावाच लागतो. शोधनिबंधाच्या शेवटी ‘चर्चा’ नावाचा भाग असतो आणि त्यात आपला निकाल आधीच्या संशोधनाशेजारी ठेवून दाखवायचा असतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९९९ साली डोहर्टी आणि स्मिथ यांनी चर्चेचा एक साचा सुचवला होता. त्यातला एक भाग त्यांनी खास याच कामासाठी राखला: इतर अभ्यासांच्या तुलनेत आपल्या अभ्यासाचे बळ आणि उणिवा, आणि निकाल वेगळे असतील तर त्या वेगळेपणाची चर्चा. सांगायला सोपे वाटते. लिहायला बसले की मात्र हात दोनपैकी एका बाजूला झुकतो. स्वतःचे पाच वर्षांचे काम खरे मानायचे तर आधीचे लोक चुकले असे म्हणावेसे वाटते. आधीच्यांची नावे मोठी असतील तर आपलेच काहीतरी चुकले असेल असे म्हणून मोकळे व्हावेसे वाटते.

डेव्टाच्या आकड्यांवर असा परिच्छेद कसा बिघडतो आणि कसा सुधारतो ते पाहता येते. पुढचे कच्चे मसुदे केवळ उदाहरणादाखल रचलेले आहेत, डेव्टाच्या लेखकांचे नाहीत. आकडे मात्र खरे आहेत. पहिला मसुदा असा:

“जीवनसत्त्व ‘अ’ दिल्याने बालमृत्यू कमी होत नाहीत, हे आमच्या अभ्यासाने सिद्ध झाले. आधीच्या चाचण्या लहान होत्या व त्यांत पद्धतीचे दोष होते, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष फुगलेले होते. आमची चाचणी या विषयावरील सर्वांत मोठी असल्याने तिचा निकाल अधिक विश्वासार्ह मानावा.”

यातले पहिलेच वाक्य आकड्यांवर टिकत नाही. डेव्टात डोस मिळालेल्या आणि न मिळालेल्या विकासखंडांतल्या मृत्यूंचे गुणोत्तर ०.९६ आले. म्हणजे न मिळालेल्यांत शंभर मृत्यू झाले तर मिळालेल्यांत शहाण्णव. पण एकाच चाचणीतून आलेला आकडा नेमका खरा असतो असे नाही. त्याच्या आजूबाजूला अनिश्चिततेचा एक पट्टा असतो, ज्याला विश्वासार्हता अंतराल म्हणतात. डेव्टाचा पट्टा ०.८९ ते १.०३ असा होता. म्हणजे या चाचणीचे आकडे अकरा टक्के घटीशीही सुसंगत आहेत आणि तीन टक्के वाढीशीही. अकरा टक्के घट ही शून्य घट नव्हे. हजारो मुलांचा प्रश्न असतो तेव्हा तर नव्हेच. ‘परिणाम दिसला नाही’ आणि ‘परिणाम नसतो हे दिसले’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि पहिल्या मसुद्याने दुसरे विधान केले आहे जेव्हा हाती फक्त पहिले होते.

दुसऱ्या वाक्यातला ‘लहान होत्या’ हा आरोप अधिक बारकाईने पाहायला हवा, कारण तो अर्धा खरा आहे. तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्ली भागात झालेली १९९० सालची चाचणी घ्या. तिथे डोस मिळालेल्या मुलांत मृत्यू ५४ टक्क्यांनी कमी आढळले, पण दोन्ही गटांत मिळून झालेले मृत्यू शंभर-सव्वाशेच्या घरातले. डेव्टात नोंदलेले एक ते सहा वर्षे वयाचे मृत्यू होते सुमारे पंचवीस हजार. इतक्या फरकामुळे तमिळनाडूचा पट्टा खूप रुंद आहे. पण लहान चाचणीचा आकडा दोन्ही बाजूंना डोलतो, नेहमी वरच्याच बाजूला नाही. लहान चाचण्यांमुळे निष्कर्ष फुगला असे म्हणायचे तर आणखी एक पायरी दाखवावी लागते: परिणाम न दिसलेल्या लहान चाचण्या छापल्या गेल्या नाहीत, ही. इथे मात्र तशा चाचण्या छापल्या गेल्या होत्या. हैदराबादच्या परिसरातल्या १९९० सालच्या चाचणीत आणि सुदानमधल्या १९९२ सालच्या चाचणीत मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता, आणि दोन्हींचे निकाल ‘लॅन्सेट’मध्येच आले होते.

‘पद्धतीचे दोष’ म्हणजे कोणते, हे मसुद्यात सांगितलेलेच नाही. सांगायला गेले तर लेखकाची अडचण होईल. नेपाळमधल्या सर्लाही जिल्ह्यात आणि घानामध्ये झालेल्या चाचण्यांत न देणाऱ्या गटाला दिसायला तशीच नकली मात्रा दिली होती. कुणाला काय मिळाले हे कार्यकर्त्यांनाही ठाऊक नव्हते. डेव्टात तशी नकली मात्रा नव्हती. या एका बाबतीत आधीच्यांची पद्धत अधिक काटेकोर होती.

आणि ‘सर्वांत मोठी म्हणून अधिक विश्वासार्ह’ या वाक्यात आकाराकडून जे मागितले आहे ते आकार देऊ शकत नाही. मुले जास्त असली की नशिबाचा वाटा कमी होतो. कॅप्सूल मुलाच्या तोंडापर्यंत पोचली की नाही, मृत्यू वहीत चढला की नाही, हे मात्र दहा लाखांमुळे आपोआप ठीक होत नाही. उलट, आठ हजार अंगणवाड्यांवर नजर ठेवणे चारशे गावांवर ठेवण्यापेक्षा अवघड.

आता दुसरा मसुदा. हा कुणालाच दुखावत नाही, म्हणून प्रबंधांत आणि निबंधांत सर्वांत जास्त दिसतो:

“आमचे निष्कर्ष पूर्वीच्या काही संशोधनांशी विसंगत आहेत. लोकसंख्या, आहार, सामाजिक-आर्थिक स्थिती व पद्धतीतील फरक ही याची संभाव्य कारणे असू शकतात. या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे.”

यात एकही चूक नाही आणि एकही माहिती नाही. हीच तीन वाक्ये कांद्यावरच्या किडीच्या अभ्यासाखाली छापली तरी चालतील. कारणांची यादी दिली, पण त्यातले एखादे कारण खरे असेल तर आकड्यांत काय दिसायला हवे होते आणि ते दिसले का, हे विचारलेच नाही. परिच्छेद नव्याने लिहिण्याचे खरे काम या प्रश्नापासून सुरू होते. सौम्य शब्द घालून पहिला मसुदा दुसऱ्यासारखा करणे म्हणजे सुधारणा नव्हे.

पहिले काम, विसंगती किती आहे ते नेमके सांगणे. बीटन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली तोवरच्या चाचण्या एकत्र करून मृत्यूंत २३ टक्के घट काढली होती. डेव्टाचा पट्टा जास्तीत जास्त ११ टक्के घटीपर्यंत जातो. म्हणजे जुन्या सरासरीशी विसंगती खरी आहे, ती नजरेचा भास नाही. पण सरासरीच्या मागच्या चाचण्या एकेक पाहिल्या की चित्र बदलते. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात आल्फ्रेड सॉमर यांनी ४५० गावांत केलेली आणि १९८६ साली छापलेली चाचणी, नेपाळची चाचणी, तमिळनाडूची चाचणी, यांत मोठी घट होती. घानात १९ टक्के, आणि तिचा पट्टा ०.६८ ते ०.९८. हा पट्टा डेव्टाच्या पट्ट्यावर काही अंतर चढतो. म्हणजे या दोन चाचण्या एकमेकींना खोटे ठरवत नाहीत. हैदराबाद आणि सुदान तर डेव्टाच्याच बाजूचे. ‘आधीचे संशोधन’ असा एकसंध गड मुळात नव्हताच, आणि परिच्छेदाने तो तसा उभा केला तर लढाईही खोटी उभी राहते.

मग कारणे. पहिले, सर्वांना चटकन सुचणारे: उत्तर प्रदेशातल्या मुलांना जीवनसत्त्वाची कमतरताच नसेल, मग डोसचा उपयोग कशाला दिसेल? हे खरे असेल तर डोस न मिळालेल्या मुलांच्या रक्तात जीवनसत्त्व पुरेसे आढळायला हवे. डेव्टात दर वर्षी प्रत्येक विकासखंडातली एक अंगणवाडी चिठ्ठी टाकून निवडली जाई आणि तिथल्या मुलांचे रक्त तपासले जाई. चाचणीच्या उत्तरार्धातल्या, म्हणजे तपासणीचे तंत्र भरवशाचे झाल्यानंतरच्या, पाच हजारांहून अधिक मुलांच्या मोजमापांत डोस न मिळालेल्यांपैकी १३ टक्के मुलांत तीव्र कमतरता निघाली. तेव्हा कमतरता होती. हे कारण परिच्छेदात ठेवायचे असेल तर ‘तपासले, आधार मिळाला नाही’ असे म्हणून ठेवावे लागते. बहुतेक लेखक तपासून बाद झालेले कारण गाळून टाकतात. ते लिहिण्याने वाचकाचा एक रस्ता वाचतो, आणि लेखकाने स्वतःच्या सोयीची कारणे वेचली नाहीत हेही दिसते.

दुसरे कारण गोवराचे. जीवनसत्त्व ‘अ’ कमी असलेल्या मुलाला गोवर झाला तर तो जिवावर बेतण्याची शक्यता वाढते, हे वैद्यकात पक्के माहीत आहे. आचेमध्ये ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गोवराची लस फारशी पोचलेली नव्हती. लस पोचली की गोवराचे मृत्यू घटतात आणि डोसने वाचवण्याजोगे मृत्यूच कमी उरतात. कारण पटण्यासारखे आहे, पण उत्तर प्रदेशात त्या काळात गोवराची लस मिळालेली मुले निम्म्याहून कमी होती. त्यामुळे फरकाचा थोडा भाग यातून समजू शकतो, सगळा नाही. शिवाय डेव्टात मृत्यूंची कारणेही नोंदली होती आणि कोणत्याही एका कारणाच्या मृत्यूंत स्पष्ट फरक दिसला नाही. ही कारणे घरच्यांच्या सांगण्यावरून ठरवलेली असल्याने त्यांच्यावर फार भार टाकता येत नाही. परिच्छेदात या कारणाला ‘काही अंशी’ ही जागा मिळते.

तिसरे कारण सर्वांत टोकदार, कारण ते थेट नव्या अभ्यासावर येते: डोस खरोखर दिले गेले का? डेव्टाने ८६ टक्के मुलांना डोस मिळाल्याचा अंदाज दिला होता. निकाल छापल्यानंतर सॉमर, कीथ वेस्ट आणि रेनाल्डो मार्टोरेल यांनी ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून नेमकी हीच शंका घेतली. इतक्या मोठ्या क्षेत्रावर, आहे त्या अंगणवाडी यंत्रणेतून, इतके डोस पोचले यावर त्यांचा विश्वास बसला नाही. ही शंका परिच्छेदात कशी तोलायची?

एक साधा हिशेब करता येतो. समजा डोसचा खरा परिणाम २३ टक्के आहे आणि तो फक्त घेतलेल्यांवर होतो. ८६ टक्के मुलांना मिळाला तर गावपातळीवर घट दिसेल सुमारे २० टक्के. प्रत्यक्ष दिसले ४ टक्के. इतके खाली यायला डोस जेमतेम सहापैकी एकाच मुलाला मिळालेला असायला हवा. पट्ट्याच्या टोकाचा, म्हणजे ११ टक्क्यांचा आकडा धरला तर सुमारे निम्म्यांना. हिशेब ढोबळ आहे; डोस न मिळालेली मुले इतरांसारखीच होती असे त्यात गृहीत धरले आहे, आणि प्रत्यक्षात दूरच्या वस्तीतली, जास्त धोक्यातली मुलेच सुटण्याचा संभव जास्त. तरी तो विचाराला धार देतो, कारण आता रक्ताच्या आकड्यांकडे वळता येते. डोस न मिळालेल्या विकासखंडांत तीव्र कमतरता १३ टक्के होती, तर मिळालेल्यांत ६ टक्के. सहापैकी एकाच मुलाला डोस मिळाला असता तर तीव्र कमतरता निम्मी झाली नसती. तेव्हा अंमलबजावणी साफ फसली होती असे म्हणता येत नाही. ती कागदावरच्या ८६ टक्क्यांपेक्षा कमी असू शकेल, असे मात्र म्हणता येते, आणि म्हणायला हवे. रक्ताची भरवशाची मोजमापे फक्त उत्तरार्धातली आहेत. पहिल्या अडीच वर्षांविषयी ती गप्प आहेत.

मृत्यूंच्या नोंदीवरही बोट ठेवता येते. डेव्टात दर सहा महिन्यांनी अंगणवाडीला भेट देऊन मृत्यू मोजले जात. प्रत्येक मुलाचा घरोघर जाऊन मागोवा घेतला जात नव्हता. त्यामुळे काही मृत्यू सुटले असणार. पण इथे एक बारकावा आहे, आणि चर्चेच्या परिच्छेदांत तो वारंवार चुकतो. दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात मृत्यू सुटले तर एकूण आकडा कमी येतो, गुणोत्तर जवळजवळ बदलत नाही. शंभरास शहाण्णव होते ते पन्नासास अठ्ठेचाळीस होतात. गुणोत्तर एकाकडे सरकायला चूक वेगळ्या प्रकारची लागते: डोसच्या गटात डोस न मिळणे, किंवा दुसऱ्या गटातल्या मुलांनी डोस बाहेरून मिळवणे. ‘नोंदीत त्रुटी होत्या, म्हणून परिणाम दिसला नाही’ असे सरसकट लिहिणारा लेखक स्वतःविरुद्ध चुकीचा पुरावा देतो. नम्रपणे दिला म्हणून तो बरोबर ठरत नाही.

डोस देण्याची पद्धत हे आणखी एक कारण. तमिळनाडूत दर आठवड्याला छोटी मात्रा दिली जाई, आहारातून मिळावी तितकी. डेव्टात सहा महिन्यांतून एकदा मोठी. मोठ्या डोसने वाढलेली रक्तातली पातळी काही महिन्यांत पुन्हा उतरते. हे कारण तमिळनाडूच्या ५४ टक्क्यांपुरते वजनदार आहे. पण आचेमध्येही मोठा डोस सहा महिन्यांच्याच अंतराने दिला होता आणि तिथे मृत्यू घटले होते. म्हणून हे कारण एका तुलनेला लागू पडते, दुसरीला नाही, आणि परिच्छेदात कोणत्या चाचणीशी तुलना चालली आहे ते नाव घेऊन सांगावे लागते.

शेवटचे काम बहुतेक मसुद्यांत नसतेच: दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या तर काय म्हणता येते? क्लार्क आणि चामर्स यांनी १९९७ च्या मे महिन्यात पाच मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांत आलेले चाचण्यांचे २६ अहवाल तपासले होते. आपला निकाल आधीच्या सर्व पुराव्यांच्या अद्ययावत बेरजेत बसवून चर्चा केलेले त्यांना फक्त दोन आढळले. डेव्टाच्या लेखकांनी हे काम केले, आणि त्यासाठी त्यांचे नाव घ्यायला हवे. त्यांनी आपले आकडे आधीच्या आठ चाचण्यांत मिळवले. सगळ्यांची भारित सरासरी आली ११ टक्के घट, पट्टा ५ ते १६ टक्के. म्हणजे ज्या चाचणीत स्वतंत्रपणे परिणाम स्पष्ट दिसला नव्हता, तीच मिळवल्यावरही ‘परिणाम मुळीच नाही’ हे म्हणणे खोडले गेले. आपला निकाल अपेक्षेच्या विरोधात जातो, पण त्याहून लहान परिणाम तो नाकारू शकत नाही, असेच त्यांनी आपल्या निष्कर्षात मांडले. दहा लाख मुलांची चाचणी हातात असताना इतके मोजून बोलणे सोपे नसते.

हे सारे जमेस धरले की परिच्छेद असा उतरतो:

“जीवनसत्त्व ‘अ’मुळे बालमृत्यू वीस ते तीस टक्क्यांनी घटतील, या आधीच्या चाचण्यांवरून बांधलेल्या अपेक्षेशी आमचा निकाल जुळत नाही. आम्हाला दिसलेली घट ४ टक्के असून ती ११ टक्क्यांपर्यंत असण्याची शक्यता आमचे आकडे नाकारत नाहीत. आधीच्या चाचण्यांतही एकवाक्यता नव्हती: आचे, सर्लाही व तमिळनाडूत मोठी घट आढळली, हैदराबाद व सुदानमध्ये नाही. आमच्या क्षेत्रात कमतरता नव्हती, हे कारण रक्ततपासणीवरून टिकत नाही. गोवराच्या मृत्यूंचे प्रमाण वेगळे असणे हे काही अंशी कारण असू शकते. आमच्या चाचणीत नकली मात्रा नव्हती आणि डोस पोचण्याचे प्रमाण आमच्या अंदाजापेक्षा कमी असू शकेल. तीव्र कमतरता निम्मी झाल्याने ते फारच कमी होते असे मात्र वाटत नाही. आधीच्या काही चाचण्यांत देखरेख अधिक काटेकोर होती, पण मृत्यूंची संख्या कमी असल्याने त्यांचे अंदाज अधिक डळमळीत होते. सर्व चाचण्या एकत्र धरल्यास घट सुमारे ११ टक्के येते.”

या मजकुरात कुठेही कुणाला चुकीचे म्हटलेले नाही, आणि तरी तो गुळमुळीत नाही. काटेकोर देखरेख हे आधीच्यांचे बळ, मृत्यूंची मोठी संख्या हे नव्याचे बळ; दोघांच्या उणिवाही त्याच मापाने मोजलेल्या. ‘असू शकते’ हा शब्दप्रयोग फक्त दोनदा आला आहे, जिथे खरोखर माहिती नाही तिथे. बाकी ठिकाणी वाक्य ठाम आहे, कारण तिथे आकडा आहे. सावधपणा सगळ्या परिच्छेदावर सारखा शिंपडला की वाचकाला पक्के काय आणि कच्चे काय ते कळेनासे होते.

दुसऱ्या बाजूने लिहिणाऱ्यालाही हीच शिस्त लागू होते. डेव्टाच्या टीकाकारांनी डोस पोचले नसावेत असे म्हटले तर त्यांना निम्म्या झालेल्या कमतरतेचा हिशेब द्यावा लागतो. आणि डेव्टाच्या बाजूने बोलणाऱ्यांना नऊ वर्षांचा. चाचणी २००४ साली संपली आणि निबंध २०१३ साली आला; इतक्या काळात क्षेत्रातल्या कामाची बारीकसारीक माहिती कितपत हाती उरते, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कोणत्याही परिच्छेदातल्या शब्दयोजनेने मिळत नाही.

चार वर्षांनी, २०१७ साली, कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात बारा लाखांहून अधिक मुलांच्या चाचण्यांची बेरीज पुन्हा झाली. तिथे तोच पेच वेगळ्या रूपात उभा राहिला. सर्व चाचण्या एकाच खऱ्या परिणामाचे मोजमाप करतात असे मानले, तर डेव्टाचे वजन प्रचंड पडते आणि घट १२ टक्के येते. ठिकाणाठिकाणी परिणाम खरोखरच वेगवेगळा असू शकतो असे मानले, तर लहान चाचण्यांना जास्त मान मिळतो आणि घट २४ टक्के येते. आढाव्याच्या लेखकांनी १२ टक्के हा मुख्य आकडा म्हणून दिला आणि सारांशातच दुसरा आकडा, दोन्हींचे पट्टे आणि ते एकमेकांवर चढतात ही गोष्टही छापली. भारतात डोस सुरू आहेत. ते सर्व मुलांना द्यावेत की कमतरता असलेल्या भागांपुरते ठेवावेत, यावर पोषणतज्ज्ञांचा वाद अजून चालू आहे, आणि त्या वादात दोन्ही बाजूंचे लोक याच दोन आकड्यांपैकी एकेक हातात धरून बोलतात.